तादात्म्य

‘तद्’ म्हणजे ते, ‘आत्मन्’ म्हणजे स्वतः. ‘तदात्मन्’वरून तादात्म्य हा शब्द आला: त्याच्याशी एकरूप होणे. नाटककार ब्रेख्टने उलट वाट धरली. त्याच्या जर्मन संज्ञेच्या मुळाशी ‘परका’ हा अर्थ आहे. ओळखीचे परके करून दाखवायचे.

तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’मध्ये (१९७२) गाणाऱ्यांची रांग पाठ फिरवते तेव्हा भिंत होते, वळते तेव्हा पुण्याचे ब्राह्मण. त्यामुळे आपण कथेत बुडत नाही, तिच्याकडे पाहतो.

वडगाव मावळला १७७९ मध्ये इंग्रजांना नमवणाऱ्या मराठेशाहीचा कारभारी नाना फडणवीस या नाटकातले पात्र आहे. त्याच्याशी आधीच तादात्म्य पावलेल्या अनेकांना रंगमंचावरचा विलासी नाना सहन झाला नाही. मात्र चंदावरकरांचे संगीत इतके रंगते की सावध प्रेक्षकही पुन्हा गुंततो.