वाटणीपत्राचा इंग्रजी सारांश : परदेशातल्या बहिणीला पाठवताना हे तीन शब्द जपा

समजा, कारधा येथील धानाची बांधी दोन भाऊ आणि परदेशातली बहीण अशा तिघांत समान वाटली. सातबाऱ्यावर क्षेत्र आहे 0.81 हे.आर. बहिणीला मराठी दस्त वाचता येत नाही, म्हणून इंग्रजी सारांश पाठवायचा आहे.

पहिली चूक क्षेत्रात होते. 0.81 पुढे कुणी 'एकर' लिहिलं तर जमीन अर्ध्याहून कमी दिसते. हे 0.81 हेक्टर, म्हणजे जवळपास 2 एकर. प्रत्येकाचा वाटा 0.27 हेक्टर, म्हणजे साधारण 27 गुंठे. सारांशात हेक्टरचाच आकडा ठेवा, एकर फक्त समजण्यासाठी शेजारी लिहा.

दुसरा शब्द 'हक्कसोड'. वाटणीपत्राला 'पार्टिशन डीड' म्हणतात. त्यात बहिणीला तिचा वाटा मिळतो. हक्कसोडपत्र म्हणजे 'रिलीज डीड'. त्यात ती आपला हक्क सोडते. दोन्हीला 'सेटलमेंट' लिहिलं, तर आपण काय सोडतोय हे न कळताच सही होऊ शकते.

तिसरा शब्द 'सामाईक'. विहीर किंवा वहिवाटीचा रस्ता सामाईक ठेवला असेल, तर 'जॉइंट' लिहून प्रत्येकाचा हिस्साही लिहा.

गट नंबर, नावं, चतुःसीमा दस्तात आहेत तशाच उतरवा. शेवटी लिहा : हा फक्त सारांश आहे, मूळ मराठी दस्तच ग्राह्य. सोबत दस्ताची स्कॅन प्रत जोडा.