कोपऱ्यातला अंगठा

मार्च १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या निपोमो इथे डोरोथिया लँगने ‘मायग्रंट मदर’ टिपले. फोटोच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात तंबूचा खांब धरलेला एक अंगठा आला. १९३९ मध्ये लँगने तो निगेटिव्हवरच रिटच करवून घेतला. तिचे वरिष्ठ रॉय स्ट्रायकर यांना ते पटले नाही. त्यांच्या विभागाचे फोटो म्हणजे सरकारी दस्तऐवज होते. लायब्ररी ऑफ काँग्रेसमधल्या त्या निगेटिव्हच्या प्रिंटवर पुसलेल्या अंगठ्याची फिकट छाया आजही दिसते.

अंगठा कडेलाच होता, मग लँगने फोटो क्रॉप का केला नाही? खालून कापले तर मांडीवरच्या बाळापर्यंत कात्री पोहोचते. उजवीकडून कापले तर खांब जातो, आणि हे कुटुंब तंबूत बसले आहे ही खूणही जाते. रिटचिंगकडे वळायला तिच्याकडे कारण होते. तरी मला स्ट्रायकर यांचे म्हणणे पटते. अंगठा राहिला असता तरी त्या चेहऱ्यावरून नजर हटली नसती.

आल्बेर्तो कोर्डाला मात्र क्रॉपने साधले. ५ मार्च १९६० रोजी हवानातल्या शोकसभेत त्याने चे गेव्हाराचा आडवा फोटो घेतला. डावीकडे एका माणसाचा चेहरा, उजवीकडे ताडाच्या झावळ्या आणि मधे चे. नको असलेले दोन्ही घटक कडांना, आणि चेच्या चेहऱ्यापासून सुटे. कोर्डाने बाजू कापून उभी चौकट केली. जगाला ठाऊक आहे ती हीच. याची किंमत कणांत मोजावी लागते: ३६ बाय २४ मिमीच्या निगेटिव्हमधून पूर्ण उंचीचा, दोनास तीन प्रमाणातला उभा तुकडा घेतला तर रुंदी १६ मिमीच उरते. निम्म्याहून जास्त फिल्म वाया जाते, आणि तेवढ्याच आकाराच्या प्रिंटवर दाणे दीडपट मोठे दिसतात.

कापावे की नाही याचा निवाडा करायला पुठ्ठ्याचे दोन काटकोनी तुकडे पुरतात. ते प्रिंटवर सरकवत न्यायचे. नको असलेली वस्तू झाकली जाताना प्रसंगाचे ठिकाण, हात किंवा नजरेची दिशा झाकली जात नसेल तर कापावे. केंट स्टेट विद्यापीठातल्या १९७० च्या फोटोत आक्रोश करणाऱ्या मुलीच्या डोक्यामागेच कुंपणाचा खांब उभा आहे. तिथे पुठ्ठा कितीही फिरवला तरी उपयोग नाही. पुढे कुणीतरी तो खांब पुसला, आणि तीच प्रत अनेक ठिकाणी छापली गेली.

बातमीच्या फोटोंत कापणे आणि पुसणे यांतला फरक रोजीरोटीपर्यंत येऊन पोहोचला. नार्सिसो कोंत्रेरासने सीरियातल्या २०१३ च्या एका फोटोतून डाव्या खालच्या कोपऱ्यातला सहकाऱ्याचा व्हिडिओ कॅमेरा क्लोन करून काढला, म्हणजे शेजारची जमीन त्यावर चिकटवली. जानेवारी २०१४ मध्ये असोसिएटेड प्रेसने त्याच्याशी संबंध तोडले. त्याचे जवळपास ५०० फोटो तपासले, त्यात दुसरा फेरफार सापडला नाही. संस्थेच्या नियमांत क्रॉप चालतो, कारण उरलेला प्रत्येक ठिपका भिंगातून आलेला असतो. कोपऱ्यातल्या त्या कॅमेऱ्यासाठी, माझ्या मते, कात्री पुरली असती. थोडी जमीन गेली असती, एवढेच.