अर्जपत्र, लेक्चररपदाचे : संशोधनाचा तपशील

ब्रिटनमधील विद्यापीठात लेक्चररच्या जागेसाठी अर्ज करताना सीव्हीसोबत जोडायचे पत्र. ते साधारणपणे दोन पानांचे असते. काही विद्यापीठे पत्राऐवजी ऑनलाइन अर्जातच एक रकाना देतात आणि शब्दमर्यादा घालतात. सीव्हीला अशी मर्यादा बहुधा नसते, त्यामुळे शोधनिबंधांची पूर्ण यादी, परिषदा, अनुदाने, प्रबंधाचे शीर्षक हे सारे तिथे जाते. ही यादी पत्रात पुन्हा वाक्यांच्या रूपात लिहिणे हा अर्जपत्रांतला सर्वांत सामान्य दोष होय.

दोन्ही कागद वाचणारी माणसे तीच असतात, पण ती दोन्हींत वेगळे काही शोधतात. जाहिरातीबरोबर पदासाठीच्या निकषांचा तक्ता असतो. त्यात काही निकष अत्यावश्यक आणि काही इष्ट म्हणून दिलेले असतात. निवड समिती प्रत्येक अर्ज या तक्त्याशी ताडून पाहते. अमुक इतके प्रकाशित काम आहे का, याचे उत्तर सीव्हीत मिळते. पुढच्या तीन-चार वर्षांच्या कामाचा आराखडा आहे का, तो या विभागात बसेल का, याचे उत्तर मात्र पत्रातच द्यावे लागते. शिवाय समितीत उमेदवाराच्या उपशाखेचा जाणकार असेलच असे नाही. भूगोलाच्या विभागात नद्यांवर काम करणाऱ्याचा अर्ज शहरांचा अभ्यासक वाचतो, तेव्हा नुसत्या शीर्षकांवरून त्याला फारसा बोध होत नाही.

समजा, एका उमेदवाराने दख्खनच्या बेसाल्ट खडकातील भूजलावर पीएच.डी. केली आहे, त्याचे पाच निबंध छापून आले आहेत आणि त्याला प्राकृतिक भूगोलाच्या लेक्चररची जागा हवी आहे. पत्राच्या पहिल्या खर्ड्यात तो लिहितो : ‘माझे पाच शोधनिबंध प्रसिद्ध झाले असून तीन आंतरराष्ट्रीय परिषदांत मी निबंध वाचले आहेत.’ यातले एकही अक्षर नवे नाही. सीव्ही उलटला की सगळे दिसते. सुधारलेला परिच्छेद असा : ‘शेजारशेजारच्या दोन गावांत पाऊस सारखाच पडतो, तरी एका गावातल्या विहिरी डिसेंबरात आटतात आणि दुसऱ्यात एप्रिलपर्यंत पाणी टिकते. हा फरक पावसापेक्षा खडकाच्या झिजलेल्या थराच्या जाडीवर जास्त अवलंबून आहे, हे मी प्रबंधात दाखवले (सीव्हीतील निबंध क्र. 2). हाच प्रश्न आता मला स्कॉटलंडमधील बेसाल्टात तपासायचा आहे.’ प्रश्न, उत्तर आणि पुढची दिशा तीन वाक्यांत आली आणि पाचांपैकी एकाच निबंधाचा उल्लेख पुरला. मोजणीची उपकरणे, नमुन्यांची संख्या, सांख्यिकी पद्धत हे पत्रात नको. वेगळे संशोधन निवेदन मागितले असेल तर ते तिथे द्यावे.

यानंतरचा परिच्छेद विभागाबद्दल असतो आणि बहुतेक अर्ज इथेच घसरतात. ‘आपल्या नामांकित विभागात काम करण्यास मी उत्सुक आहे’ हे वाक्य कुठल्याही विद्यापीठाला पाठवता येते, म्हणून ते कुठेच उपयोगी पडत नाही. वरच्या उमेदवाराने विभागातल्या कोणाच्या कामाशी आपला प्रश्न जुळतो, कोणती प्रयोगशाळा लागेल आणि अनुदानासाठी कुठे अर्ज करणार (भूजलाच्या बाबतीत बहुधा नॅचरल एन्व्हायर्न्मेंट रिसर्च कौन्सिलकडे) हे सांगायला हवे. खर्डा तपासायची सोपी रीत अशी : विद्यापीठाचे नाव झाकून पत्र वाचावे. तरीही ते तितकेच पटत असेल, तर हा परिच्छेद अजून लिहिलाच गेलेला नाही असे समजावे.

संशोधनाला पत्रात किती जागा द्यावी, हे पदावर ठरते. अध्यापन आणि संशोधन दोन्ही असलेल्या पदासाठी पत्राचा तिसरा हिस्सा ते निम्मे पत्र योग्य. केवळ अध्यापनाच्या पदासाठी एक छोटा परिच्छेद पुरतो आणि तोही शिकवण्याशी जोडलेला असावा. ‘छपाईच्या मार्गावर’ असलेले निबंध सीव्हीतच वेगळ्या शीर्षकाखाली ठेवावेत. पत्रातले विधान आणि सीव्हीतले वर्ष जुळले नाही, तर समितीला ते लगेच खटकते.

जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर पत्रात घालू नये. 2013 च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्याने नेमणुकीसाठी हा आकडा वापरण्यास विरोध केला आणि अनेक ब्रिटिश विद्यापीठांनी त्यावर सह्या केल्या आहेत.

महाराष्ट्रातून तिकडे अर्ज करणाऱ्यांना हे सारे उलटे वाटणे स्वाभाविक आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमावलीत विद्यापीठातील सहायक प्राध्यापकाच्या छाननीसाठी प्रत्येक शोधनिबंधाला 2 आणि जास्तीत जास्त 10 गुण ठेवले आहेत. हे गुण मुलाखतीला कोणाला बोलवायचे ते ठरवतात. पत्र केवळ कागदपत्रांच्या वर लावलेले असते. त्या सवयीने लिहिलेल्या पत्रात निबंधांचे आकडे भरपूर असतात. त्यांच्यामागचा प्रश्न मुलाखतीत सांगू म्हणून राखून ठेवलेला असतो आणि ब्रिटनमध्ये त्या मुलाखतीचे बोलावणेच येत नाही.