चेहरा कुणाचा, हे ठरते कसे? शिवरायांच्या समकालीन चित्रांचा माग

मुरबाडहून माळशेजच्या वाटेवर वैशाखरे गाव लागते. तेथून एक पाऊलवाट नाणेघाट चढते आणि घाटमाथ्यावरील सातवाहनकालीन लेण्यापाशी पोहोचते. लेण्याच्या मागच्या भिंतीत एकेकाळी सातवाहन राजकुलातील आठ व्यक्तींच्या माणसाएवढ्या उंचीच्या प्रतिमा कोरलेल्या होत्या. आज तेथे पायांच्या खुणांपलीकडे फारसे काही उरलेले नाही. मात्र त्यांच्या माथ्यावरची ब्राह्मी अक्षरे बरीचशी शाबूत आहेत. सिमुक सातवाहन, देवी नायनिका, श्री सातकर्णी, कुमार भाय, महारठी त्रनकयिर अशी नावे त्यांत वाचता येतात.

नाणेघाटात नावे उरली आणि चेहरे गेले. संग्रहालयांच्या दप्तरात बहुधा उलटे घडते. चेहरा स्पष्ट असतो, पागोट्यावरचा तुराही मोजता येतो, पण माणूस कोण हे कुठेच लिहिलेले नसते. किंवा लिहिलेले असते आणि ते चुकीचे असते. दुसरी स्थिती पहिलीपेक्षा घातक, कारण निनावी चित्राकडे लोक संशयाने पाहतात, नाव असलेल्या चित्राकडे पाहत नाहीत.

महाराष्ट्राने हा अनुभव घेतला आहे, आणि तोही छत्रपती शिवाजी महाराजांच्या बाबतीत. विसाव्या शतकाच्या आरंभी महाराजांचे म्हणून जे एक चित्र छापले जात होते, ते प्रत्यक्षात इब्राहिमखान नावाच्या एका मुसलमान शिपायाचे होते. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी मॅकेंझी संग्रहातील कागद धुंडाळताना महाराजांच्या चित्राचा माग लावला आणि १९३३ मध्ये पुण्यात ते लोकांसमोर ठेवले. या चित्राचे नाते डच ग्रंथकार फ्रान्स्वा व्हॅलेंटाइन याच्याशी सांगितले जाते. आज घराघरांत दिसणाऱ्या टोकदार दाढीच्या, बाकदार नाकाच्या मुखाला प्रतिष्ठा मिळण्यात त्या शोधाचा मोठा वाटा आहे.

पण अभिरक्षकाचे काम येथे संपत नाही, सुरू होते. व्हॅलेंटाइनच्या ग्रंथातील चित्र महाराजांचेच, हे कशावरून?

व्हॅलेंटाइनचा जन्म १६६६ चा. पूर्वेकडे तो प्रथम आला १६८५ मध्ये. महाराजांचे देहावसान १६८० चे. म्हणजे त्याने महाराजांना पाहिलेले असणे शक्यच नाही. त्याचा ग्रंथ छापला गेला १७२४ ते १७२६ या काळात. तेव्हा त्यातील चित्र कुठल्या तरी आधीच्या चित्रावरून उतरवलेले असणार. सुरतेच्या लुटीच्या वेळी, १६६४ मध्ये, एका डच अधिकाऱ्याने महाराजांना समोर बसवून हे चित्र काढवून घेतले, अशी एक कथा प्रचलित आहे. कथा आकर्षक आहे, पण अभिरक्षक अशा कथेवर थांबत नाही. तो विचारतो, छापील पानाच्या मागचे मूळ चित्र कोणते आणि ते कोणाच्या हातून कोणाच्या हातात गेले?

या मागाला मालकीचा इतिहास म्हणता येईल. तो मागे मागे नेला की वाट सुरतेकडे नव्हे, गोवळकोंड्याकडे वळते. सतराव्या शतकाच्या अखेरीस तेथील चित्रकार हिंदुस्थानातील बादशहा, सुलतान आणि सरदार यांच्या चित्रांचे संच तयार करून युरोपीय व्यापाऱ्यांना विकत असत. एकेका संचात चाळीस-पन्नास चित्रे, प्रत्येक पानावर एक पुरुष. असा एक संच ॲमस्टरडॅमचा महापौर आणि डच ईस्ट इंडिया कंपनीचा संचालक निकोलास विटसेन याच्याकडे पोहोचला. आज तो ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. त्यात महाराजांचे चित्र आहे, तसेच ते लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील गोवळकोंड्याच्या चित्रांतही आहे.

या पानांवर युरोपीय हातांनी नावे लिहिलेली आढळतात. नाव सापडले की काम झाले, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु लिहिणाऱ्याला फार्सी येत होती का? की दुकानदाराने तोंडी सांगितले ते त्याने टिपून घेतले? व्यापाऱ्याला पाने विकायची होती. एखाद्या अनाम सरदाराला प्रसिद्ध नाव दिले तर पान लवकर खपते, ही गोष्ट तेव्हाही लोकांना ठाऊक होती.

म्हणून अभिरक्षक एका पानाची परीक्षा संपूर्ण संचाच्या आधारे घेतो. त्याच संचातील औरंगजेब, शाहजहान किंवा गोवळकोंड्याचा अबुल हसन कुत्बशाह यांची चित्रे तो आधी पाहतो. या राजांचे चेहरे इतर ठिकाणच्या, स्वतंत्र चित्रांवरून परिचित आहेत. त्या पानांवरील नावे बरोबर ठरली, तर लिहिणाऱ्याकडे खरी माहिती होती असे मानता येते आणि ज्या चेहऱ्यांना दुसरा आधार नाही त्यांच्या नावांवरचा विश्वासही वाढतो. ती चुकली, तर सगळ्या संचावर प्रश्नचिन्ह लागते. साक्षीदाराला आधी उत्तरे ठाऊक असलेले प्रश्न विचारून पाहावेत, तसा हा प्रकार आहे.

संचावरूनच काळाचाही अंदाज येतो. १६८७ मध्ये औरंगजेबाने गोवळकोंडा जिंकला आणि कुत्बशाही संपली. ज्या संचात अबुल हसन हा चालू राजा म्हणून येतो, तो त्याआधीचा असण्याची शक्यता मोठी. विटसेनचा संच १६८६ च्या सुमाराचा मानतात. म्हणजे महाराजांच्या मृत्यूनंतर जेमतेम सहा वर्षांचा.

यानंतर पोशाख. त्या काळचा दरबारी पुरुष जामा घालत असे आणि जाम्याचे बंद बगलेत बांधलेले असत. मुघल दरबारी चित्रांत साधारण संकेत असा दिसतो की मुसलमान पुरुषाचे बंद त्याच्या उजव्या बगलेत आणि हिंदू पुरुषाचे डाव्या बगलेत. निनावी चित्र हाती आले की अभिरक्षकाची नजर प्रथम तेथे जाते, आणि एका गाठीने निम्मे उमेदवार बाद होऊ शकतात.

मात्र छापील चित्रात हीच गाठ फसवते. तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर उमटवलेले चित्र आरशातल्या प्रतिबिंबासारखे उलटे येते. मुळातली डावी बगल छापात उजवी होते, आणि हिंदू सरदार कागदोपत्री मुसलमान ठरू शकतो. कोरणाऱ्याने आधीच उलटे कोरून ही अडचण दूर केली आहे की नाही, हे ओळखण्याची एक साधी खूण आहे. उजव्या हाताने उपसायची तलवार कमरेला डावीकडे लटकते. छापात ती उजवीकडे दिसली, तर चित्र उलटले आहे असे समजावे आणि मगच जाम्याच्या बंदांकडे पाहावे. मूळ रंगीत चित्र उपलब्ध असेल तर छापावरून निष्कर्ष काढूच नये, हे बरे.

पागोटे आणि जाम्याची लांबी यांचा उपयोग वेगळा आहे. त्यांवरून माणूस नव्हे, काळ कळतो. अठराव्या शतकात जाम्याचा घेर वाढला आणि तो घोट्यापर्यंत उतरला; पागोट्याचे आकारही बदलत गेले. एखाद्या चित्रात महाराजांच्या मस्तकी पेशवाई थाटाची रुंद पगडी असेल, तर ते चित्र पेशवाईपूर्वीचे असू शकत नाही. उलट दिशेने मात्र हा युक्तिवाद चालत नाही. जुना पोशाख दिसला म्हणजे चित्र जुने असे नव्हे, कारण जुन्या चित्राची नक्कल नंतर शंभर वर्षांनीही होऊ शकते. पोशाख फक्त सांगतो की चित्र अमुक काळाच्या अलीकडचे आहे.

मग समकालीनांच्या लेखी वर्णनांचे काय? सुरतेतील इंग्रज धर्मोपदेशक एस्कॅलियट याने १६६४ मध्ये लिहिलेल्या पत्रात महाराजांचे वर्णन आहे, तेही ज्यांनी त्यांना पाहिले होते त्यांच्याकडून ऐकलेले. उंची बेताची, अंगकाठी प्रमाणबद्ध, बोलताना हसतमुख, नजर भेदक, वर्ण इतरांहून उजळ. फ्रेंच प्रवासी थेवनो हा १६६६ मध्ये सुरतेस आला होता. तोही ठेंगणी मूर्ती आणि तीक्ष्ण डोळे सांगतो, पण वर्ण सावळा म्हणतो. उंची आणि डोळे यांवर दोघांचे एकमत आहे, वर्णावर नाही. शिवाय एकट्या उभ्या पुरुषाच्या चित्रात उंची कशी मोजणार? वर्णनाने अगदी विसंगत चित्र बाजूला काढता येते. नाव सिद्ध करण्याइतके बळ त्यात नाही.

खरी अडचण याहून खोल आहे. गोवळकोंड्याच्या संचांतील महाराजांची चित्रे एकमेकांशी फार जुळतात. उत्साही वाचक म्हणतो, इतक्या चित्रांत तोच चेहरा, म्हणजे तो खराच. अभिरक्षक नेमके उलटे म्हणतो. चित्रशाळांमध्ये खाका वापरण्याची रीत होती. मूळ चित्राच्या रेषांवर बारीक टोचे मारायचे, तो कागद नव्या पानावर ठेवून वरून कोळशाची पूड फिरवायची, की तीच आकृती पुन्हा उमटते. एका खाक्यातून वीस चित्रे निघाली तरी साक्षीदार एकच. तो एक साक्षीदार खरा असेल तर सगळी चित्रे खरी आणि तो खोटा असेल तर सगळीच खोटी.

म्हणूनच वेगळ्या वाटेने आलेल्या चित्राला महत्त्व. व्हेनिसचा निकोलाओ मनुची याने मीर मुहम्मद या चित्रकाराकडून १६८६ पूर्वी एक संच करवून घेतला. त्यात महाराज घोड्यावर स्वार आहेत आणि सोबत पायदळाचे लोक चालत आहेत. हे चित्र आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. मनुचीच्या म्हणण्याप्रमाणे १६६५ मध्ये मिर्झाराजे जयसिंगाच्या छावणीत त्याची महाराजांशी भेट झाली होती. मनुची स्वतःविषयी बढाया मारण्यात कमी नव्हता, हे त्याच्या वाचकांना ठाऊकच आहे. तरीही या चित्रावरील नावामागे महाराजांना पाहिल्याचे सांगणारा एक माणूस उभा आहे. सुरतेच्या कथेपेक्षा हा आधार अधिक भक्कम आहे.

आणि गोवळकोंड्याचा तो पहिला खाका? १६७७ च्या आरंभी महाराज कर्नाटकाच्या मोहिमेवर निघताना भागानगरास गेले, अबुल हसनला भेटले आणि सुमारे महिनाभर तेथे राहिले. शहरातील एखाद्या चित्रकाराला त्यांना पाहण्याची संधी मिळाली असेल तर ती याच महिन्यात. वय, स्थळ आणि काळ तिन्ही जुळतात. पण जुळणे म्हणजे सिद्ध होणे नव्हे. त्या महिन्याची तारीख असलेले रेखाटन किंवा चित्रकाराच्या हातचा लेख समोर आला, तरच हा दुवा पक्का होईल.

त्याआधीच्या आयुष्यापाशी तर ही सारी साधने थांबतात. शहाजीराजांनी १६३६ मध्ये शहापूरजवळच्या माहुली गडावर मुघल आणि आदिलशाही फौजांविरुद्ध अखेरचा तग धरला, तेव्हा शिवराय बालवयात होते. त्या वयाचे एकही समकालीन चित्र उपलब्ध नाही. बालशिवाजीची जी चित्रे पाठ्यपुस्तकांत दिसतात, ती नंतरच्या चित्रकारांची कल्पना आहे, आणि संग्रहालयात त्यांच्या पाटीवर चित्रकाराचे नाव व साल आधी यायला हवे. गोवळकोंड्याच्या पानाखाली मात्र ‘छत्रपती शिवाजी महाराज, गोवळकोंडा, सुमारे १६८०–१६८७’ असे लिहिता येते.