प्रतीक्षाधीन नोंदवही

प्रतीक्षाधीन नोंदवही : आपल्या बाजूचे काम पूर्ण झाले आहे, पण दुसऱ्याची मंजुरी, अहवाल किंवा सही आल्याशिवाय पुढे जाता येत नाही, अशा कामांची पाठपुराव्याच्या तारखेसह ठेवलेली यादी. महाराष्ट्रातील सरकारी कार्यालयांत ती सहा गठ्ठे पद्धतीचा भाग आहे. या पद्धतीत लिपिकाच्या टेबलावरचे कागद सहा गठ्ठ्यांत विभागले जातात. आज हाताळायची प्रकरणे पहिल्या गठ्ठ्यात आणि बाहेरून उत्तर यायचे असलेली प्रतीक्षाधीन प्रकरणे दुसऱ्यात असतात. नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची आणि नष्ट करायची कागदपत्रे हे उरलेले चार गठ्ठे. खाजगी कामकाजात अशी यादी जगभर रूढ करण्याचे श्रेय डेव्हिड ॲलन या अमेरिकी लेखकाच्या 2001 सालच्या पुस्तकाला दिले जाते. आपल्याकडच्या महसुली लिपिकाला मात्र हा गठ्ठा त्याच्या कितीतरी आधीपासून माहीत होता.

या नोंदवहीचा कस लहान गावातल्या संस्थेत लागतो, कारण तिथून पाठवलेला कागद दोन-तीन ठिकाणी थांबत जातो. हिंगोली जिल्ह्यातील कळमनुरी तालुक्यातले आखाडा बाळापूर घ्या. तालुक्याची कार्यालये कळमनुरीत आणि जिल्हा परिषद त्यापुढे हिंगोलीत. बाळापूर परिसरातल्या एखाद्या जिल्हा परिषद शाळेची जुनी खोली धोकादायक झाली, तर मुख्याध्यापकांना ती स्वतःच्या अधिकारात पाडता येत नाही. आधी शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव होतो, मग बांधकाम उपविभागाच्या अभियंत्याचे खोली वापरायोग्य नसल्याचे प्रमाणपत्र लागते. त्यानंतर निर्लेखनाचा प्रस्ताव गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत जिल्हा परिषदेकडे जातो. मंजुरी येईपर्यंत ती खोली उभीच राहते. जूनच्या मध्यावर शाळा भरते तेव्हा पाऊसही तोंडावर आलेला असतो, म्हणून या प्रस्तावाला उन्हाळ्याची मुदत असते, कागदावर ती कुठेही लिहिलेली नसली तरी.

अशा वेळी मुख्याध्यापकांच्या वहीत ‘निर्लेखन प्रस्ताव सादर’ एवढीच ओळ असेल, तर तिचा उपयोग फार थोडा. प्रस्ताव गेला हे तिच्यातून कळते. तो कुठे आहे, कशाची वाट पाहायची आणि कधी विचारायचे हे कळत नाही. चांगल्या नोंदीत पाच गोष्टी असतात. कोणता कागद यायचा आहे. तो कोणत्या पदावरच्या माणसाकडून, कोणत्या टेबलावरून यायचा आहे. आपण तो कधी मागितला आणि त्याचा आवक क्रमांक काय. पुन्हा कधी विचारायचे. आणि तो आल्यावर लगेच काय करायचे. शेवटची गोष्ट बहुतेक जण लिहीत नाहीत. मग प्रमाणपत्र येते आणि ‘आले’ असा शेरा पडून तेही फाईलमध्ये पडून राहते, कारण त्याला जोडून प्रस्ताव पुढे पाठवायचा होता हे तोवर कुणाच्या लक्षात नसते.

समजा, समितीचा ठराव जोडून प्रमाणपत्राची मागणी सोमवारी, 6 जानेवारीला कळमनुरीच्या बांधकाम उपविभागात दिली आणि पोच घेतली. पाठपुराव्याची तारीख कोणती घालायची? इथे 2005 चा महाराष्ट्राचा बदल्यांचे विनियमन आणि विलंबास प्रतिबंध करणारा अधिनियम कामी येतो. त्यानुसार कोणतीही फाईल शासकीय कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त प्रलंबित राहू नये. दुसऱ्या विभागाकडे पाठवावी न लागणाऱ्या प्रकरणात 45 दिवसांत, आणि पाठवावी लागणाऱ्या प्रकरणात तीन महिन्यांत निर्णय अपेक्षित आहे. हा कायदा राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांसाठी आहे. जिल्हा परिषदेच्या कामात तोच हिशेब मापदंड म्हणून धरायला हरकत नाही. पाच दिवसांचा आठवडा आणि मध्ये सुटी नाही असे धरले, तर सात कामकाजाचे दिवस बुधवारी 15 जानेवारीला संपतात. म्हणून वहीत पुढची तारीख गुरुवार, 16 जानेवारी.

ही तारीख निर्णयाच्या अंतिम मुदतीची नसते. मुदत संपल्यावर विचारले तर त्रुटी दुरुस्त करायला वेळ उरत नाही, त्यामुळे ती मुदतीच्या पुष्कळ आधी यावी. 16 तारखेला फक्त कागद कोणत्या टेबलावर आहे ते विचारायचे. ‘अभियंत्यांची पाहणी बाकी आहे’ असे उत्तर आले, तर ते तसेच वहीत उतरवायचे आणि पाहणीच्या ठरलेल्या दिवसानंतरची नवी तारीख घालायची. नुसते ‘होईल’ असे उत्तर आले, तर आठवडाभरानंतरची तारीख घालून पुढच्या वेळी लेखी स्मरणपत्र द्यायचे. त्यात मूळ पत्राचा क्रमांक, दिनांक आणि मागितलेला नेमका कागद लिहावा, आणि मूळ पत्राची प्रत जोडावी. ‘संदर्भीय पत्रान्वये’ एवढ्यावर भागवलेल्या स्मरणपत्रासाठी मूळ पत्र शोधावे लागते, आणि ते शोधायला कुणाला सवड नसते. दोन स्मरणपत्रांनीही काही हलले नाही, तर गटशिक्षणाधिकाऱ्यांनी आपल्या नावाने अर्धशासकीय पत्र लिहावे. मुख्याध्यापकांना तो मार्ग नाही, म्हणून प्रकरण वरच्या अधिकाऱ्याकडे कधी न्यायचे याची तारीखही वहीत असावी.

वहीतल्या सगळ्या प्रकरणांना पुढच्या सोमवारची तारीख घातली, तर त्या सोमवारी वीस फोन करावे लागतात आणि होतात तीन. तारखा प्रकरणाच्या गतीप्रमाणे विखुरलेल्या असाव्यात. बदल्यांचा काळही ध्यानात ठेवावा. सर्वसाधारण बदल्या एप्रिल किंवा मे महिन्यात होतात. तेव्हा नोंदीत फक्त व्यक्तीचे नाव असेल, तर धागा तुटतो. पद आणि टेबल लिहिले असेल, तर नव्या माणसाला पहिल्याच भेटीत आवक क्रमांक दाखवता येतो.

या पद्धतीतला मोठा धोका तिच्याच रचनेत आहे. कार्यविवरणाच्या साप्ताहिक गोषवाऱ्यात चालू प्रलंबित प्रकरणांचा आकडा नजरेस येतो, आणि एखादे अडचणीचे प्रकरण प्रतीक्षाधीन गठ्ठ्यात सरकवले की तो आकडा कमी होतो. आपल्याच टेबलावर निर्णय घ्यायचा असताना ‘माहिती मागवली आहे’ असे लिहून प्रकरण तिथे पाठवणे ही कार्यालयांतली जुनी पळवाट आहे, आणि तिचा फटका अर्जदाराला बसतो. ती ओळखता येते : जिथे समोरच्या कार्यालयाचे नाव आहे पण जावक क्रमांक नाही, किंवा तारीख तीन वेळा पुढे ढकलली आहे पण एकाही वेळी उत्तराची नोंद नाही, ते प्रकरण खरे प्रतीक्षाधीन नाही. कार्यालयप्रमुखाने तपासणीत गठ्ठ्यातले पाच कागद काढून एवढे पाहिले, तरी पुरते.

सामान्य अर्जदारही हीच वही ठेवू शकतो. फरक इतकाच की त्याला स्मरणपत्राचे उत्तर मिळेलच असे नाही. त्याच्यासाठी माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 आहे. 10 रुपये शुल्क भरून आपल्या अर्जावर कोणत्या तारखेला कोणत्या टेबलावर काय कार्यवाही झाली याच्या टिप्पणीची प्रत मागता येते, आणि 30 दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. त्या 30 दिवसांनंतरची तारीख अर्ज देतानाच वहीत लिहावी, कारण उत्तर न आल्यास पहिले अपील करण्याची मुदतही 30 दिवसांचीच आहे.