कोप कुणावर? : ईर्ष्येची विभक्ती

‘हेवा’ शब्द कोशात पाहावा तर ‘मत्सर’ मिळतो, ‘मत्सर’ पाहावा तर ‘द्वेष’, आणि ‘असूया’ पाहिली की पुन्हा ‘मत्सर’. कोशकार अर्थ सांगतो, पण त्या भावनेत माणसे किती आणि राग कुणावर, हे एका प्रतिशब्दात मावत नाही. पाठशाळेत न जाता व्याकरण वाचताना मला हा हिशेब कोशाऐवजी विभक्तीत सापडला.

पाणिनीचे एक सूत्र क्रोध, द्रोह, ईर्ष्या आणि असूया या अर्थांच्या धातूंविषयी आहे. ज्याच्यावर कोप असेल, त्याला संप्रदान म्हणावे, म्हणजे त्याची चतुर्थी करावी, असे ते सांगते. देवदत्ताचा उत्कर्ष सोसवत नसेल तर ‘देवदत्ताय ईर्ष्यति’. सातव्या शतकाच्या सुमाराची काशिकावृत्ती इथे विचारते, ‘ज्याच्यावर कोप असेल’ ही अट कशाला? उत्तरादाखल ती एका नवऱ्याचे उदाहरण देते. आपल्या बायकोकडे दुसऱ्या कुणी पाहू नये म्हणून तो जळतो. धातू तोच, पण इथे ‘भार्याम्’ अशी द्वितीया, कारण कोप बायकोवर नाही, पाहणाऱ्यावर आहे. पहिल्या वाक्यात दुसऱ्याजवळ असलेले खुपते, दुसऱ्यात आपले जाईल ही धास्ती आहे. शब्द एकच राहिला, फरक प्रत्ययाने सांभाळला.

हीच वृत्ती ईर्ष्या आणि असूया यांतही भेद करते. ईर्ष्या म्हणजे न सोसणे, असूया म्हणजे गुणात दोष काढणे. शेजारीण चांगली गाते हे सहन न होणे ही ईर्ष्या. ‘गाते कसली, मिरवते’ असे म्हणणे ही असूया.

मराठीने हे काम क्रियापदांवर सोपवले. हेवा ‘वाटतो’, आणि ‘तुझा हेवा वाटतो बाई’ हे समोरच्याला हसत सांगता येते. मत्सर ‘करतात’, आणि तो तोंडावर कबूल करणारा विरळा. काशिकेतल्या नवऱ्याला मात्र मराठीत ‘संशयी’ म्हणून मोकळे होतात. आपले जाईल ही धास्ती ‘सवतीमत्सर’ या जोडशब्दात उरली आहे, पण तिथे ती बायकांच्या माथी.

अभिमानाचेही तसेच. सांख्यांनी अहंकाराचे लक्षणच अभिमान असे केले; ‘हे मी, हे माझे’ असे मानणे हा त्याचा गाभा. म्हणून मराठीत मुलाचा, गावाचा, भाषेचा अभिमान असतो, पण ज्याच्याशी काही नाते नाही त्याचा अभिमान वाटत नाही. त्याचे कौतुक वाटते. गर्व ‘होतो’, माज ‘चढतो’. अभिमानाला ‘कशाचा’ हे सांगावेच लागते. माज एकदा चढला की त्याचे कारण कुणी विचारत नाही.

म्हणून भावनेचा शब्द टिपताना मी आता अर्थाशेजारी क्रियापद आणि विभक्तीही लिहून ठेवतो.