प्रतिप्रस्ताव पत्र (आयुर्विमा)

वैद्यकीय तपासणीत जोखीम जास्त दिसली, पण विमा नाकारण्याइतकी नाही, तर कंपनी वाढीव हप्त्याची अट घालून हे पत्र पाठवते. रूढ नाव ‘काउंटर ऑफर’. समजा, अर्जात मधुमेह नाही असे लिहिले आणि एचबीए1सी 7.4 टक्के आले. ही चाचणी साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवते, म्हणून आदल्या दिवशी गोड टाळून आकडा उतरत नाही. अंडररायटरने 50 टक्के लोडिंग लावले, तर 20,000 रुपयांचा हप्ता 30,000 होतो. पत्रात नेमका आकडा आणि कारण हवे. नुसते ‘वैद्यकीय कारणास्तव’ लिहिणे अपुरे, कारण मग अर्जदाराला शंका कशावर घ्यायची तेच कळत नाही. लेखी संमती आणि फरकाची रक्कम पोचेपर्यंत विमासंरक्षण सुरू होत नाही.